दोन्हींत सरस, तरी आयात का?

डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली दिलेले उदाहरण आजही सर्वांत स्वच्छ वाटते. ठरावीक कापड वर्षभरात तयार करायला इंग्लंडला १०० माणसे लागतात, पोर्तुगालला ९०. ठरावीक वाइनसाठी इंग्लंडला १२०, पोर्तुगालला अवघी ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने कापड इंग्लंडकडूनच घ्यावे, कारण ८० माणसांच्या वाइनच्या बदल्यात त्याला ९० माणसांचे कापड मिळते. इंग्लंडची तर २० माणसे वाचतात. अर्थात, हा एकास एक दर गृहीत धरलेला आहे. एका मापाच्या कापडाला सव्वा माप वाइन मोजावी लागली, तर पोर्तुगालची १०० माणसे खर्ची पडतील आणि तो कापड घरीच विणेल. वाहतूक आणि जकातीने बचत गिळली, तरीही तेच होईल.