रश्शातलं चिकन शिजलं की नाही?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं सारख्याच आकाराची असतात. चिकनचं तसं नाही. किलोभर कोंबडी रश्शासाठी तोडून आणली, की पिशवीत पंखाचा बोटभर तुकडा असतो, छातीचे बिनहाडाचे तुकडे असतात आणि मुठीएवढी जाडजूड तंगडीही असते. पंख शिजतो तेव्हा तंगडी हाडाजवळ अजून कच्ची असू शकते. मग पाहुणे ताटावर बसायच्या वेळी एकेक तुकडा सुरीने फोडून बघणं सुरू होतं. त्यात तुकड्यांचा भुगा होतो आणि आतला रस निघून मांस कोरडं पडतं.

प्रत्येक तुकडा तपासायची गरज नसते, पण ‘शीत’ म्हणून कोणता तुकडा घ्यायचा हे ठाऊक हवं. रश्शात सगळे तुकडे एकाच उकळत्या पाण्यात बुडालेले असतात. त्यामुळे उष्णता सगळ्यांना बाहेरून सारखीच मिळते. फरक पडतो तो ती आत मध्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो याचा. म्हणून सर्वांत जाड तुकडा, म्हणजे बहुतेक वेळा तंगडी किंवा मांडी, शिजला की बाकीचे शिजलेलेच असतात. अट एवढीच, की सगळे तुकडे रश्शात बुडालेले हवेत आणि एकाच वेळी टाकलेले हवेत. फ्रीजरमधले तुकडे अर्धवट वितळून टाकले, तर हा हिशेब चुकतो. वरचं मांस मऊ होतं आणि मधे गारठा तसाच राहतो.

समजा, किलोभर ब्रॉयलर कोंबडी मसाल्यात परतून, गरम पाणी घालून उकळी आणली आणि झाकण ठेवून आच मंद केली. साधारण वीस मिनिटांनी झाकण काढल्यावर आधी तंगडीचं बारीक टोक बघावं. मांस आकसून हाडावरून वर सरकलेलं आणि हाडाचं टोक उघडं पडलेलं दिसलं, तर तपासणीची वेळ झाली. ही नुसती खूण आहे, निकाल नव्हे.

मग तीच तंगडी डावावर घ्यावी आणि बारीक सळई जाड भागात, हाडाच्या अगदी जवळपर्यंत खुपसावी. मांस कच्चं असेल तर सळईला रबरासारखा चिवट अडथळा लागतो. शिजलेलं असेल तर ती सहज जाते. सळई काढल्यावर भोकातून येणारं पाणीही बघावं. ते लालसर किंवा गढूळ गुलाबी असेल, तर पातेलं पुन्हा झाकून पाच-सात मिनिटं ठेवावं आणि तोच तुकडा पुन्हा तपासावा. पाणी स्वच्छ असेल तर रस्सा बहुधा तयार आहे.

‘बहुधा’ म्हणायचं कारण म्हणजे रंग फसवतो, आणि दोन्ही बाजूंनी फसवतो. ब्रॉयलर कोंबडी अवघ्या सहा आठवड्यांच्या आसपास कापली जाते. तिची हाडं पुरती टणक झालेली नसतात. त्यामुळे आतल्या मज्जेचा रंग झिरपून हाडालगतचं मांस लालसर किंवा काळपट दिसतं. कोंबडी फ्रीजरमधली असेल तर हे जास्तच होतं. असा तुकडा पूर्ण शिजलेला असूनही कच्चा वाटतो. उलट, मांस पांढरं दिसलं तरी ते पुरेसं तापलेलं असेलच असं नाही. रश्शावर तर्री आली म्हणून चिकन शिजलं, हाही असाच समज. तर्री मसाला किती परतला आणि तेल किती घातलं ते सांगते, हाडाजवळच्या मांसाचं काही सांगत नाही.

खात्री फक्त तापमान देतं. कोंबडीच्या मांसात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने सर्व प्रकारच्या कोंबडीच्या मांसासाठी किमान ७४ अंश सेल्सिअस हे आतलं तापमान ठरवून दिलं आहे. स्वयंपाकाचा सुईचा थर्मामीटर असेल, तर सुईचं टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यात जावं, हाडाला टेकू नये. हाडाला टेकलं की आकडा मांसाचा राहत नाही.

गावठी कोंबडीच्या बाबतीत मात्र सळईची परीक्षा वेगळं सांगते. तिचं मांस वयाने घट्ट झालेलं असतं. आत ७४ अंश गाठल्यावरही सळई अडते, कारण त्यातले चिवट धागे विरघळायला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मंद आच लागते. ते मांस कच्चं नसतं, फक्त चावत नाही.

तळलेल्या किंवा तंदुरी तुकड्यांना ‘एकावरून सगळे’ हा नियम लावू नये. तिथे आच कुठे जास्त, कुठे कमी लागते आणि वरून खरपूस झालेली तंगडी आत कच्ची राहू शकते. तिथे प्रत्येक जाड तुकड्यात सुई घालूनच बघावं.