तीन महिन्यांत सोडलेली नोकरी: रिक्रूटरला काय लिहाल?

रिक्रूटरचा मेल येतो, "ही नोकरी इतक्या लवकर का सोडली?" अशा वेळी ती नोकरी सीव्हीतून गाळायचा किंवा तारखा ताणायचा मोह होतो. पण पीएफ कापला गेला असेल, तर ईपीएफओच्या सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ही हिस्टरी अनेकदा मागतात. तफावत निघाली तर हातातली ऑफरही जाऊ शकते.

समजा, जावा डेव्हलपर म्हणून घेतलं आणि काम मिळालं रात्रपाळीच्या सपोर्टचं. उत्तर असं लिहिता येईल:

"नमस्कार मॅडम, तिथे मी जून ते ऑगस्ट असे तीन महिने होतो. निवड डेव्हलपमेंटसाठी झाली होती, प्रत्यक्षात सपोर्टचं काम मिळालं. मॅनेजरशी बोललो, पण वर्षभर बदल शक्य नव्हता. म्हणून नोटीस पिरियड पूर्ण करून बाहेर पडलो. रिलीव्हिंग लेटर आहे. तुमच्याकडे या पदावर कोडिंग आणि सपोर्टचं प्रमाण साधारण किती असेल?"

यात मॅनेजरची उणीदुणी नाहीत, तपासता येईल एवढंच आहे. शेवटचा प्रश्नही कामाचा आहे, तीच फसगत पुन्हा होणं टळतं.

प्रोबेशनमध्ये कंपनीनेच काढलं असेल, तर "मी राजीनामा दिला" लिहू नका; जुन्या एचआरला एक फोन गेला की ते उघड होतं. "प्रोबेशननंतर कायम केलं नाही" असं सरळ लिहा आणि कारण एका वाक्यात द्या. मात्र अशा नोकऱ्या दोन-तीन असतील, तर एवढ्यावर भागत नाही. प्रत्येकीचं कारण विचारलं जाणारच.