चार नोंदी, दोन अज्ञात संख्या

अकरावीच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजनं टांगून तिची लांबी मोजायची असते. आलेखावर ठिपके पडतात, पण ते काही केल्या एका रेषेत येत नाहीत. मग पारदर्शक पट्टी वरखाली सरकवत ‘साधारण मधून’ जाणारी रेषा ओढायची. शेजारच्या बाकावरचा वेगळी ओढतो. दोघांपैकी बरी कोणाची, हे पट्टीला सांगता येत नाही, विकलनाला येतं.

समजा नोंदी अशा आहेत: वजन नसताना लांबी १०.१ सेंटिमीटर, १०० ग्रॅमला १२.०, २०० ग्रॅमला १३.७ आणि ३०० ग्रॅमला १६.२. शोधायच्या दोन संख्या: स्प्रिंगची मूळ लांबी आणि दर शंभर ग्रॅमला होणारी वाढ. या दोघींची जोडी म्हणजे x. मोजलेल्या चार लांब्या म्हणजे b. आणि A ही चार ओळी व दोन स्तंभांची मॅट्रिक्स: पहिल्या स्तंभात चारही ठिकाणी १, दुसऱ्यात ०, १, २, ३, म्हणजे किती शंभर ग्रॅम टांगले ते. Ax केलं की आपल्या रेषेनं वर्तवलेल्या चार लांब्या मिळतात. त्यांतून b वजा केलं की उरतात चार तफावती. त्यांना r म्हणू.

चारही तफावती शून्य करणं दोन संख्यांच्या हातात नाही. म्हणून प्रत्येक तफावतीचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि ती शक्य तितकी लहान करायची. ही बेरीज म्हणजेच r या सदिशाच्या लांबीचा वर्ग. फ्रेंच गणिती लेजाँद्र यांनी १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात ही लघुतम वर्गांची रीत छापली. चार वर्षांनी गाउस म्हणाले, ही तर मी १७९५ पासून वापरतोय. लेजाँद्र यांना ते झोंबलं, यात नवल नाही. नुसत्या तफावतींची, चिन्ह सोडून, बेरीज का नाही घेतली? तीही घेता येते, पण तिच्या आलेखाला शून्यापाशी टोक असतं आणि टोकापाशी विकलज नसतो. वर्गाचा आलेख वाडग्यासारखा गुळगुळीत असतो.

आता विकलन. घटक सुटे करून पानभर आकडेमोड करता येते, पण मला दुसरी वाट आवडते: x ला थोडं हलवायचं आणि काय बदललं ते पाहायचं. x च्या जागी x + h ठेवलं की तफावत r ची r + Ah होते. तिच्या लांबीचा वर्ग शाळेतल्या (a + b)² सारखाच उलगडतो:

|r + Ah|² = |r|² + 2 r·(Ah) + |Ah|²

पहिलं पद जुनी किंमत. तिसऱ्यात h दोनदा आलाय, म्हणून h लहान असला की ते फारच लहान. विकलजाला हवं ते मधलं पद. पण त्यात h हा A च्या आत अडकलाय. त्याला मोकळा करायला A पलीकडे न्यायची. पलीकडे जाताना तिच्या ओळींचे स्तंभ होतात आणि स्तंभांच्या ओळी, म्हणजे ती Aᵀ होते: r·(Ah) = (Aᵀr)·h. त्यामुळे विकलज, ज्याला इथे ग्रेडियंट म्हणतात, तो असा:

2Aᵀ(Ax − b)

वाडग्याच्या तळाशी तो शून्य हवा. २ नं भागलं की AᵀAx = Aᵀb. हीच ती ‘नॉर्मल’ समीकरणं.

घाईत Aᵀ ऐवजी नुसतं A लिहिलं जातं, पण ही चूक आकारमानावरूनच पकडता येते. r मध्ये चार संख्या, A ला दोनच स्तंभ. हा गुणाकार होतच नाही. दुसरी चूक जास्त फसवी आहे: दोन्ही बाजूंचा Aᵀ ‘काटून’ Ax = b लिहिणं, म्हणजे जिथून सुटका हवी होती तिथेच परत. Aᵀ चार संख्यांच्या दोन करते. चार संख्या वेगळ्या असूनही त्या दोन सारख्या येऊ शकतात, म्हणून ती काटता येत नाही.

आपल्या स्प्रिंगसाठी ही समीकरणं लिहू.

४ × मूळ लांबी + ६ × वाढ = ५२
६ × मूळ लांबी + १४ × वाढ = ८८

४ म्हणजे नोंदींची संख्या, ६ म्हणजे ०, १, २, ३ यांची बेरीज, १४ त्यांच्या वर्गांची. ५२ ही लांब्यांची बेरीज, ८८ ही प्रत्येक लांबीला तिच्या वजनानं गुणून केलेली. सोडवल्यावर मूळ लांबी १०, वाढ २. तफावती −०.१, ०, ०.३, −०.२. यांची बेरीज शून्य. त्यांना अनुक्रमे ०, १, २, ३ नं गुणून बेरीज केली तरी शून्य. म्हणजे तफावतींचा सदिश A च्या दोन्ही स्तंभांना लंब आहे. भूमितीतला ‘नॉर्मल’ म्हणजे लंबच. उत्तर तपासायला मी याच दोन बेरजा करतो. त्या शून्य आल्या नाहीत तर आकडेमोड चुकली.

ग्रेडियंट तळाची दिशा दाखवतो असं म्हणतात, ते जरा जपून घ्यावं. कोणी पहिल्या दोन ठिपक्यांतून रेषा ओढली तर मूळ लांबी १०.१, वाढ १.९ आणि वर्गांची बेरीज ०.२० येते. तिथे ग्रेडियंट −०.४ आणि −१.६ आहे, म्हणजे दोन्ही संख्या वाढवा असं तो सांगतो. प्रत्यक्षात तळाशी मूळ लांबी कमी, १०.० आहे! वाडगं लांबट आणि तिरकं असल्यामुळे सर्वांत तीव्र उतार थेट तळाकडे जात नाही. वरच्या उलगड्यात h = (−०.१, ०.१) ठेवून पाहा: ०.२० − ०.१२ + ०.०६ = ०.१४. तळाशी हीच किंमत.

त्या दुर्लक्षित तिसऱ्या पदाचं कामही इथे दिसतं. तळाशी मधलं पद नाहीसं होतं आणि |Ah|² एकटंच उरतं. ते ऋण कधीच नसतं, त्यामुळे कुठेही हललं तरी किंमत घटत नाही. Ah शून्य करणारा शून्येतर h असेल, तर मात्र तळ एक बिंदू न राहता लांबलचक चर होतो. चारही वेळा २०० ग्रॅमच टांगले असते तर असंच झालं असतं: वाढ १ नं कमी करा, मूळ लांबी २ नं वाढवा, वर्तवलेल्या लांब्या त्याच. तेव्हा दोन समीकरणं प्रत्यक्षात एकच असतात, आणि दोष गणिताचा नसून प्रयोगाचा असतो.

वर्गामुळे एक दुखणंही येतं. शेवटची नोंद १६.२ ऐवजी चुकून १९.२ लिहिली गेली, तर उत्तर मूळ लांबी ९.४, वाढ २.९ असं बदलतं. मोठी तफावत वर्गात फार महाग पडते, म्हणून रेषा चुकीच्या ठिपक्याकडे झुकते. नव्या तफावती −०.७, ०.३, १.५, −१.१. सर्वांत मोठी तफावत तिसऱ्या नोंदीची आहे, आणि ती नोंद बिचारी निर्दोष आहे.