ध्येय लिहावं ते मोजता येईल असं

‘वाचन सुधारेल’ हे वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं सर्वात निरुपयोगी वाक्य. आधी आजची पातळी नोंदवावी. समजा, डिस्लेक्सिया असलेला चौथीतला मुलगा दुसरीच्या पातळीचा अनोळखी उतारा मिनिटाला 28 शब्द बरोबर वाचतो आणि जोडाक्षरांशी अडतो. मग ध्येय असं लिहिता येईल: नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत त्याच पातळीचा नवा उतारा मिनिटाला 45 शब्द, तीनपेक्षा जास्त चुका न करता, सलग तीन वेळा. म्हणजे आठवड्याला साधारण एका शब्दाची वाढ.

दर आठवड्याला एक मिनिट वाचून घ्यावं आणि आकडा आलेखावर मांडावा. उतारा दरवेळी नवा हवा. जुना मुलाला पाठ झालेला असतो आणि आकडा फसवा चढतो. सलग चार नोंदी अपेक्षित रेषेखाली गेल्या, तर शिकवण्याची पद्धत बदलावी. (अनेकदा ध्येयच खाली आणलं जातं.)

सवलतीही विषयवार लिहाव्यात. गणितातली शाब्दिक उदाहरणं वाचून दाखवावीत, फळ्यावरचा मजकूर छापून द्यावा, परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. वाचनवेगाच्या चाचणीत मात्र उतारा वाचून दाखवायचा नाही. तिथे मोजायचं असतं ते वाचनच.