क्लोरीन हवा, पण पाऱ्याविना

पावसाळ्यात साथ आली की ग्रामपंचायत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते. यवतमाळच्या नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो. हा क्लोरीन साध्या मिठापासून तयार होतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एकीकडे क्लोरीन वायू निघतो आणि दुसरीकडे साबणासाठी, कापडासाठी लागणारा कॉस्टिक सोडा मिळतो. मात्र ही दोन्ही द्रव्ये एकत्र येता कामा नयेत. त्यांना वेगळे कसे ठेवायचे, हाच खरा प्रश्न होता.

जुन्या पद्धतीत हे काम पारा करीत असे. किंचित उतरत्या पोलादी तळावरून पारा वाहायचा आणि त्यावरून मिठाचे पाणी. मिठातील सोडियम पाऱ्यात विरघळे. तो पारा दुसऱ्या पात्रात पाण्याशी मिळाला की कॉस्टिक सोडा तयार होई आणि पारा पुन्हा पहिल्या पात्रात येई. सोडा उत्तम व दाट मिळे. पण पात्र उघडले की पाऱ्याची वाफ कामगारांच्या श्वासात जाई. शिवाय थोडा पारा गाळातून व सांडपाण्यातून बाहेर पडे. नदीच्या चिखलातील जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्या गर्भवतीकडून बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. जपानमधील मिनामाटाचा रोग याच विषाचा, जरी तेथील कारखाना वेगळ्या प्रकारचा होता. आपल्याकडे उल्हास नदीच्या खाडीच्या गाळात क्लोर-अल्कली कारखान्यांचा पारा आढळला. वरच्या, म्हणजे अलीकडच्या थरात तो कमी होता.

नव्या पद्धतीत पाऱ्याच्या जागी एक पातळ पटल, म्हणजे मेंब्रेन, असते. हे पटल सोडियमला पलीकडे जाऊ देते आणि क्लोराइडला अडवते. पलीकडच्या पाण्यात सुमारे ३२ टक्के कॉस्टिक सोडा तयार होतो. वीजही कमी लागते.

पटल नाजूक असते. हजार लिटर मिठाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून सुमारे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या विहिरीच्या जड पाण्यात एका लिटरमध्येच त्याहून अधिक असू शकते. ते क्षार पटलात साचले की विजेचा दाब चढतो आणि उत्पादन घटते. यावरूनच कामगार बिघाड ओळखतात. म्हणून मिठाचे पाणी आधी रेझिनमधून गाळून घ्यावे लागते.

जपानने १९८६ पर्यंत पारा पद्धत जवळपास सोडली. भारतात २००३ च्या सनदेने त्यासाठी २०१२ ची मुदत घातली. २०१३ च्या मिनामाटा कराराने जगासाठी २०२५ ठरवले.

क्लोरीन वायूच्या गळतीचा धोका नव्या कारखान्यातही राहतो, आणि जुन्या गाळातला पारा आपोआप नष्ट होत नाही. नवा पारा मात्र नदीत पडत नाही.