सही करण्याआधी चित्र दाखवा

माझा एक मित्र बँकेतून निवृत्त झाल्यावर तैलरंगांकडे वळला. परवा त्याची चिठ्ठी आली. 'मेणवलीचा घाट पूर्ण झाला. अठरा बाय चोवीसचा कॅनव्हास. घरच्यांना, शेजाऱ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना दाखवला. सगळे म्हणाले, वा, सुंदर, हात बसलाय तुझा. बरं वाटलं. पण पुढच्या चित्रात काय वेगळं करायचं, ते मात्र कुणाच्याच बोलण्यातून कळलं नाही.'

हौशी चित्रकारांपैकी बहुतेकांना हा अनुभव येतो. लोक खोटं बोलत नसतात. त्यांच्यासमोर येतं ते चौकटीत बसवलेलं, कोपऱ्यात सही केलेलं चित्र. आता यात काही बदलायचं नाही, हे ती सहीच सांगते. अशा वेळी दाद देणं एवढंच सभ्य माणसाच्या हातात उरतं.

तरीही या मोघम कौतुकातून थोडी माहिती काढता येते. मित्राला आलेल्या शेऱ्यांपैकी बरेचसे जागेबद्दलच होते. 'नाना फडणवीसांचा घाट ना हा?' 'वसईच्या चर्चमधली घंटा आहे, तेच देऊळ का?' 'स्वदेस सिनेमात दिसतो तोच घाट!' ही दाद मेणवलीला होती. चित्रकाराच्या वाट्याला त्यातलं एवढंच आलं की रेखाटन बरोबर आहे, जागा ओळखू येते. हे काही कमी नाही, पण रंगकामाबद्दल त्यात अक्षर नाही. 'रंग किती छान' म्हणणारे दोघे-तिघे होते. एक जण म्हणाला, 'अगदी फोटोसारखं.' हा शेरा मला सगळ्यात कामाचा वाटला. चित्र फोटोवरून काढलं असेल तर फोटोचे दोषही त्यात उतरलेले असू शकतात, आणि ते शोधता येतात.

मी त्याला म्हटलं, आता कुणाचं मत विचारू नकोस, प्रश्न विचार. चित्र पुन्हा वेगवेगळ्या माणसांना दाखव आणि आधी काहीही सांगू नकोस. पहिला प्रश्न: ही दिवसाची कोणती वेळ वाटते? दुसरा: यात सगळ्यात लांब काय आहे? तिसरा: एखादा भाग तळहाताने झाकायचा झाला तर कोणता झाकशील? तिसऱ्या प्रश्नाची गंमत अशी की माणसाला दोष काढल्यासारखं वाटत नाही, आणि खटकणारी जागा मात्र तो नेमकी दाखवतो.

उत्तरं आली आणि चित्र उलगडत गेलं. वेळेबद्दल एकमत होईना. कुणी सकाळ म्हणालं, कुणी भर दुपार. कारण चित्रातच होतं. घाटाच्या पायऱ्यांवरच्या सावल्या लांब आणि तिरप्या होत्या, म्हणजे ऊन कलतं. शेजारच्या झाडाची सावली मात्र बुंध्याभोवती गोळा झालेली, म्हणजे सूर्य डोक्यावर. त्याने दोन वेगळ्या वेळचे फोटो जोडून रचना केली होती. बघणाऱ्यांपैकी कुणालाही हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण वेळ विचारताच ते त्यांच्या उत्तरांतून बाहेर आलं.

लांब काय, या प्रश्नावर लोक घुटमळले. पलीकडचे डोंगर लांब आहेत हे त्यांना माहीत होतं, पण दिसत नव्हतं. अशा वेळी कॅनव्हासचा फोटो काढून तो मोबाइलवर कृष्णधवल करून बघावा. रंग गेला की फक्त उजेड-अंधार उरतो. चित्रकार ज्याला टोन म्हणतात, तो हाच. मित्राच्या चित्रात मागचे डोंगर आणि पुढच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या दोन्ही एकाच करड्या छटेत विरघळले. रंगात डोंगर निळे होते आणि पायऱ्या तपकिरी, म्हणून डोळा फसत होता. अंतरावरची हवा गडद वस्तूला फिकट करते. डोंगर निळे करून भागत नाही, ते पुढच्या दगडापेक्षा स्पष्टपणे उजळ हवेत. पाण्यातही तेच झालं होतं. गडद वस्तूचं प्रतिबिंब सहसा मूळ वस्तूपेक्षा किंचित उजळ दिसतं. याने पायऱ्यांचं प्रतिबिंब पायऱ्यांइतकंच काळं केलं होतं, त्यामुळे दगड कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं हे कळेना.

मोबाइल नसला तर डोळे बारीक करून बघण्याची जुनी पद्धत आहेच. दुसरी आरशाची. चित्र आरशात बघितलं की ते परकं वाटतं आणि कललेला खांब, वाकडं शिखर लगेच दिसतं. लिओनार्दोनेही आपल्या टिपणांत चित्रकारांना हा सल्ला दिला आहे.

फोटोबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. मोबाइल कॅनव्हासच्या अगदी जवळ धरला तर कडा फुगतात आणि सरळ घाट वाकडा दिसतो. थोडं मागे जाऊन झूम करावं, फोन चित्राला समांतर धरावा आणि ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात फोटो घ्यावा. तैलरंगात आणखी एक फसवणूक होते. काही ठिकाणी खालचा थर रंगातलं तेल शोषून घेतो आणि तो भाग निस्तेज, राखाडी दिसतो. अल्ट्रामरीन आणि मातीच्या तपकिरी रंगांत हे जास्त जाणवतं. तो डाग म्हणजे चुकीची छटा नव्हे. रंग हाताला कोरडा लागल्यावर तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादा तेल मऊ कापडाने पुसून घ्यावं. मूळ रंग परत दिसतो. त्यानंतरच छटा ठरवावी, नाहीतर नसलेला दोष दुरुस्त होतो.

मित्राने डोंगर खरवडले नाहीत. टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना मिसळून राखाडी निळा केला, त्यात थेंबभर तेल घातलं आणि जवळजवळ कोरड्या जाड ब्रशने तो डोंगरांवर घासला. खालचा रंग अधूनमधून दिसत राहिला आणि धुकं आलं. इथे टर्पेंटाइनने रंग पातळ करण्याचा मोह होतो, तो टाळावा. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी असेल तर पुढे भेगा पडतात. प्रतिबिंबालाही त्याने असाच हलका हात दिला. झाडाची सावली पुसून पायऱ्यांच्या सावल्यांच्या दिशेने ओढली. घंटेच्या देवळाला हातही लावला नाही, ते आधीच चांगलं उतरलं होतं.

सगळ्याच गोष्टी अशा सुधारत नाहीत. रचनाच चुकली असेल, म्हणजे घाट चित्राला मधोमध कापत असेल, तर वरून रंग घासून काही होत नाही. तो धडा पुढच्या कॅनव्हाससाठी ठेवावा.

तुम्हीही रंगवत असाल तर पुढचं चित्र सही करण्याआधी, चौकटीशिवाय, इझलवर असतानाच दाखवा आणि आधी वेळ विचारा. व्हर्निशची घाई करू नका. तैलचित्र वरून कोरडं लागलं तरी आत वाळत असतं. साधारण सहा महिने थांबावं, आणि रंग जाड असेल तर वर्षभर.