एकाच नावाची दोन गावे आणि तक्त्याचे एकच उत्तर

आमोणे हे डिचोली तालुक्यातील मांडवीकाठचे गाव; नावेली हे त्याच्या शेजारचे. नावेली नावाचे दुसरे गाव मडगावनजीक सासष्टी तालुक्यात आहे. सुर्ल्याचेही तसेच: एक डिचोलीत, दुसरे सत्तरीत घाटाकडे. आमोण्यात कोणी ‘नावेलीला जाऊन आलो’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. संगणकावरील तक्त्याचा मात्र होतो, आणि तो झाल्याचे तक्ता सांगत नाही.

समजा, एका कार्यालयाकडे आलेल्या अर्जांच्या यादीत केवळ गावाचे नाव नोंदले आहे, आणि अर्ज कोणत्या तालुक्याच्या मामलेदारांकडे पाठवावयाचा हे संदर्भतक्त्यावरून ठरवावयाचे आहे. तक्त्याच्या A रकान्यात गाव व B रकान्यात तालुका आहे. त्यात ‘नावेली – डिचोली’ ही नोंद तिसऱ्या ओळीत व ‘नावेली – सासष्टी’ ही चौथ्या ओळीत येते. अर्जावरील गाव E रकान्यात लिहून F मध्ये पुढील सूत्र दिले जाते:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$B$6,2,FALSE)
```

हे सूत्र वरून खाली शोधते व पहिली जुळणारी नोंद सापडताच थांबते. चौथ्या ओळीपर्यंत ते पोहोचतच नाही. नावेलीचे 18 अर्ज आले आणि त्यांतील 13 सासष्टीचे असले, तरी अठराही अर्ज डिचोलीच्या नावे पडतात. त्रुटीची सूचना उमटत नाही, आणि एकूण बेरीजही अचूक जुळते. म्हणूनच तपासणीत ही चूक सहसा निसटते. तक्त्यातील ओळींचा क्रम बदलून सासष्टी वर आणल्यास तेच अठरा अर्ज सासष्टीकडे जातात. केवळ क्रम बदलल्याने उत्तर बदलावे, ही या दोषाची ठळक खूण होय.

नोंद दोनदा असणे हाच दोष नव्हे. दोन्ही ओळींत तालुका एकच असेल, तर उत्तर बिघडत नाही. अडचण परस्परविरोधी नोंदींची आहे. मिळालेल्या उत्तराहून वेगळा तालुका त्याच गावासमोर किती ओळींत आहे, हे G रकान्यात मोजता येते:

```
=COUNTIFS($A$2:$A$6,E2,$B$2:$B$6,"<>"&F2)
```

उत्तर शून्य आल्यास विरोध नाही. आमोण्यासमोर शून्य येईल, नावेली व सुर्ल्यासमोर 1 येईल. अशा ओळींचा निर्णय तक्ता देऊ शकत नाही. मूळ अर्ज काढून त्यावरील पत्ता व पिनकोड पाहणे एवढाच मार्ग राहतो.

पुढील नोंदींसाठी गावाचे नाव ही ओळख न धरता जनगणनेतील सांकेतिक क्रमांक धरावा. तो प्रत्येक गावास निराळा असतो. नाव आणि तालुका जोडून केलेली ओळखही चालते, परंतु त्यासाठी अर्जाच्या नमुन्यातच तालुक्याचा रकाना हवा. शिवाय एकाने ‘आमोणे’ व दुसऱ्याने ‘आमोणा’ लिहिले, तर वरील मोजणी त्यांना दोन निराळी गावे समजेल.